सांडशीची आठ सेकंदं

स्वयंपाकघरातल्या वस्तूला कागदाचे दोन डोळे चिकटवले की तिचं पात्र तयार होतं, अशी समजूत बऱ्याच जणांची असते. प्रत्यक्षात डोळे चिकटवलेली वाटी पडद्यावर वाटीच दिसते. ती थबकली, मागे सरली, मग धीर करून पुढे आली, तर मात्र डोळे नसतानाही पाहणाऱ्याला तिच्या मनात काय चाललंय ते कळतं. निर्जीव वस्तूला स्वभाव मिळतो तो तिच्या हालचालीतून. ती हालचाल आधी कागदावर आखावी लागते आणि ती दिसावी म्हणून बाकीचं सगळं चित्र अजिबात हलू द्यायचं नसतं. घरातल्या वस्तूंची स्टॉप-मोशन फिल्म बहुतेक वेळा या दोन ठिकाणी फसते.

तंत्र मुळात साधं आहे. वस्तू किंचित सरकवायची, हात चौकटीबाहेर घ्यायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा सरकवायची. हे फोटो भराभर एकामागोमाग दाखवले की वस्तू स्वतःहून चालल्यासारखी वाटते. सिनेमाचा पडदा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो, पण स्टॉप-मोशन करणारे बरेचदा १२ फोटो काढून प्रत्येक फोटो दोनदा दाखवतात. डोळ्याला तेवढं पुरतं आणि काम निम्मं होतं. घरी करायचं असेल तर १२ हाच आकडा धरावा.

या युक्तीचं वय सिनेमाच्या जवळपास जातं. अमेरिकेत स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०७ सालच्या ‘द हाँटेड हॉटेल’मध्ये कुणाचा हात न लागता सुरी चालवून दाखवली होती. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, मटाराच्या रोपाची वाढ चित्रित केली. रोपासमोर कॅमेरा रोवून दिवसांमागून दिवस थोडं थोडं चित्रण केलं आणि बी ते रोप हा प्रवास काही क्षणांत दाखवला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लघुपट केला, त्यात काड्यापेटीतल्या काड्याच पात्रं होत्या. मटाराच्या रोपाला हलवावं लागत नव्हतं, ते आपल्या गतीने वाढत होतं. तिथे फाळक्यांचं काम होतं कॅमेरा जागचा न हलू देण्याचं. काड्यांच्या वेळी त्यात हालचाल रचण्याचं काम वाढलं. घरी फोन घेऊन बसणाऱ्याला आजही हीच दोन कामं करायची असतात.

आधी पात्र निवडू. प्रत्येक वस्तूला तिच्या घडणीने काही हालचाली दिलेल्या असतात आणि काही नाकारलेल्या असतात. लाटणं गडगडतं, पण उभं राहू शकत नाही. वाटी काठावर गोल डोलते, तिला पाऊल टाकता येत नाही. पोळीचा चिमटा दोन पायांवर चालवावासा वाटतो, पण त्याच्या पात्यांत स्प्रिंगसारखा ताण असतो. पाय जवळ आणून ठेवले तरी दोन फोटोंच्या मध्ये ते हळूच फाकतात. पुढे फिल्म पाहताना चिमटा उगाच पसरतोय असं दिसतं आणि का ते कळत नाही.

म्हणून मी नेहमी सांडशी सुचवतो. पातेलं उचलायची साधी, दोन दांड्यांची आणि मधे रिव्हेट असलेली सांडशी उलटी धरून दांड्यांवर उभी केली की दांड्या तिचे पाय होतात आणि वरचा जबडा तोंड होतो. रिव्हेटच्या घर्षणामुळे पाय जितके फाकवाल तितकेच राहतात, आपोआप सरकत नाहीत. रिव्हेट फार घट्ट असेल तर तेलाचा एक थेंब पुरतो. सैल असेल तर खाली बत्ता ठेवून रिव्हेटवर हातोडीचे हलके टोले द्यावेत.

सांडशीची खरी गंमत मात्र वेगळी आहे. तिचे पाय आणि तोंड एकाच सांध्याने बांधलेले आहेत. पाय फाकले की तोंड उघडतं, पाय जवळ आले की तोंड मिटतं. म्हणजे पाऊल टाकताना ती दर वेळी तोंड उघडणार आणि चालताना धापा टाकल्यासारखी दिसणार. तिला दचकवायचं असेल तर तोंड वासावं लागेल, आणि तोंड वासलं की पाय आपोआप फाकून ती खाली बसल्यासारखी होईल. त्यात तिला पायांची कात्री करून चालता येत नाही. मागचा पाय पुढच्याच्या पुढे जाऊच शकत नाही, तो जेमतेम त्याच्या जवळ येतो. पुढचा पाय सरकवायचा, मागचा ओढून घ्यायचा, पुन्हा पुढचा सरकवायचा, एवढीच तिची चाल. ही चाल जपून वागणाऱ्या, थोड्या लठ्ठ, थोड्या भित्र्या माणसाची आहे. हा स्वभाव आपण ठरवला नाही, लोहाराने रिव्हेट ठोकतानाच तो ठरला. वस्तूत जे आधीच आहे ते ओळखायचं आणि गोष्ट त्याभोवती रचायची, हा या कलेतला सगळ्यात आनंदाचा भाग आहे असं मला वाटतं.

आता गोष्ट. ओट्यावर सांडशी उभी आहे. तिला जाग येते. ती चार पावलं चालत पातेल्यापाशी जाते, थांबते, आत पाहते. पातेलं रिकामं आहे. तिचं तोंड वासतं. एवढंच, आठ सेकंदांत. म्हणजे ९६ फोटो.

या ९६ फोटोंची वाटणी फोन हातात घेण्याआधी वहीत करायची. पहिले १२ फोटो ती नुसती उभी राहील, कारण ही रोजचीच सांडशी आहे हे पाहणाऱ्याला आधी पटायला हवं. पुढच्या ८ फोटोंत जाग: चार फोटोंत तोंड किंचित उघडेल, चारांत मिटेल. मग चार पावलं, प्रत्येकाला १२ फोटो, म्हणजे ४८. पातेल्यापाशी पोचल्यावर १२ फोटो पूर्ण स्तब्धता. मग ६ फोटोंत झटकन तोंड वासणं आणि शेवटचे १० फोटो तशीच थिजलेली. बेरीज ९६ होते. हलत नसतानाचे फोटो मोजून पाहा, ३४ भरतात. नवखे लोक हेच फोटो वाचवायला जातात आणि मग त्यांची वस्तू अखंड वळवळत राहते. थांबल्याशिवाय विचार केल्यासारखं दिसत नाही.

एका पावलाकडे जवळून पाहू. तोंड मिटलेलं असताना सांडशीच्या दोन पायांत साधारण तीन सेंटिमीटर अंतर राहतं. पाऊल सहा सेंटिमीटरचं ठेवू. म्हणजे पुढचा पाय सरकल्यावर अंतर नऊ होईल आणि मागचा पाय आला की पुन्हा तीन. पुढच्या पायाला पाच फोटो दिले. सरळ भागाकार केला तर दर फोटोला १२ मिलिमीटर येतात. तसं करून पाहिलं की सांडशी यंत्रासारखी सरकते, कुणीतरी खालून ओढत असल्यासारखी. कारण कुठलीही जड वस्तू एकदम वेगात येत नाही आणि एकदम थांबतही नाही. म्हणून तेच ६० मिलिमीटर असे वाटायचे: ५, १५, २०, १५, ५. सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू. फोटो तेवढेच, अंतर तेवढंच, फक्त वाटणी बदलली, आणि आता ती स्वतःच्या जोराने पाय टाकते असं वाटतं.

मागच्या पायाला चार फोटो. इथे मी मुद्दाम वेगळी वाटणी करतो: ५, १०, १५, ३०. पाय आधी रेंगाळतो आणि शेवटी टक्कन जवळ येऊन आपटतो. मग तीन फोटो विश्रांती. पाच, चार आणि तीन मिळून १२, म्हणजे एक सेकंद. पुढचा पाय अदबीने आणि मागचा वैतागून, अशी चाल तयार होते. उलट केलंत, म्हणजे पुढच्या पायाला झटका दिला आणि मागचा सावकाश आणला, तर तीच सांडशी उतावळी वाटू लागते.

आणखी एक गोष्ट फुकट मिळते. पाय फाकले की रिव्हेट खाली येतो, जवळ आले की वर जातो. दांड्या रिव्हेटपासून पंधरा सेंटिमीटर लांब असतील तर या पावलात डोकं पाच-सहा मिलिमीटर खालीवर होतं. माणूस चालतानाही त्याचं डोकं असंच खालीवर होत असतं, आणि ते पाहायची आपल्या डोळ्याला सवय आहे. त्यामुळे निम्मं चालणं सांडशी आपणहून करते.

मोजणी करायची तर मोजपट्टी चौकटीच्या खालच्या कडेबाहेर, ओट्याला चिकटवून ठेवावी. मात्र पुढे जाणाऱ्या पायापेक्षा जास्त लक्ष टेकलेल्या पायावर हवं. पुढचा पाय एखाद-दोन मिलिमीटर चुकला तर खपून जातं. टेकलेला पाय तेवढाच घसरला तर सांडशी बर्फावर उभी असल्यासारखी दिसते आणि तिचं वजनच नाहीसं होतं. यावर जुना उपाय आहे. मातीच्या गोळीत टूथपिक खोचून तिचं टोक टेकलेल्या पायाच्या टाचेला भिडवायचं. मग दुसरा पाय हलवायचा, टाच टोकाला अजून भिडलेली आहे ना ते पाहायचं, टूथपिक उचलायची आणि मगच फोटो घ्यायचा. उचलायची राहिली तर एका फोटोपुरती ती पडद्यावर चमकून जाते, म्हणून टूथपिकला लाल रंग द्यावा, म्हणजे विसरायला होत नाही.

सांडशी उभी कशी राहणार? दोन पायांवर ती पुढे-मागे कलंडणारच. मुलांची न सुकणारी रंगीत क्ले मिळते, त्यातली राखाडी घ्यावी आणि प्रत्येक पायाखाली मटाराच्या दाण्याएवढी लावावी. मळलेली कणीक नको, ती वाळते आणि वाळताना आकसते, त्यामुळे पात्र आपोआप झुकायला लागतं. ओट्यावर क्लेचे डाग राहतात आणि दिव्यात ते दिसतात, म्हणून पाय उचलला की खालची जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. काही जण हा सगळा त्रास टाळायला वस्तू आडवी ठेवून वरून फोटो घेतात. त्यात काहीच पडत नाही, उडीसुद्धा सहज मारता येते, आणि लहान मुलांबरोबर सुरुवात करायला ती पद्धत चांगली आहे. पण तिथे जमीनच नसल्यामुळे वजन दाखवता येत नाही, आणि सांडशीचं सगळं नाटक वजनाचं आहे.

आता चौकट. फोन उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवला तर सांडशी भांड्याच्या मांडणीतली एक वस्तू दिसते. लेन्स रिव्हेटच्या उंचीवर आणली की ती व्यक्ती वाटू लागते. म्हणून फोन ओट्यावरच, एखाद्या लहान ट्रायपॉडवर ठेवावा. ट्रायपॉडचे पाय चिकटपट्टीने ओट्याला चिकटवावेत आणि मधल्या दांड्याला तांदळाची छोटी पिशवी टांगावी. दगडी ओटा इथे उत्तम. जेवणाच्या टेबलावर कोपर टेकलं तरी ते हलतं, आणि पात्र टेबलावर नि कॅमेरा जमिनीवर असेल तर तो हलका धक्का अख्ख्या चित्राला उचकी लागल्यासारखा दिसतो.

फोनच्या पडद्याला बोट लावून फोटो काढायचा नाही, कारण दर वेळी फोन केसभर झुकतो. वायरवाल्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याचं बटण म्हणून चालतं, नाहीतर ब्लूटूथचा छोटा रिमोट मिळतो. चार्जिंगची वायर आधीच लावून ठेवावी. साठाव्या फोटोला बॅटरी संपत आली म्हणून वायर खुपसली की चौकट गेलीच. फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, मात्र त्यानंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करायला विसरू नये. चित्राचा आकारही आधीच ठरवावा. फोनचे फोटो सहसा ४:३ असतात आणि फिल्म १६:९ची, त्यामुळे नंतर कापताना सांडशीचं उघडलेलं तोंड नेमकं कापलं जातं. तोंड पूर्ण वासल्यावर ती किती जागा घेते ते आधी ठेवून पाहावं आणि चारही बाजूंनी थोडी मोकळीक सोडावी. ती ज्या दिशेला चालली आहे, तिकडे जागा जास्त सोडावी, पातेलं पहिल्या फोटोपासून चौकटीत असावं.

फोन स्वतःच्या हुशारीने आणखी एक घोटाळा करतो. प्रत्येक फोटोच्या वेळी तो उजेड, रंग आणि फोकस नव्याने ठरवतो. चकाकणारी सांडशी जरा सरकली की त्याला वाटतं उजेड वाढला, आणि तो चित्र काळसर करतो. फिल्ममध्ये हे लुकलुकणं होऊन दिसतं. म्हणून तिन्ही गोष्टी बांधून टाकायच्या. आयफोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात सगळे आकडे स्वतः ठरवता येतात. Stop Motion Studio सारख्या ॲपमध्येही ही सोय आहे. शटरचा वेग निवडता येत असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद घ्यावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर त्या लयीत उघडलं तर प्रत्येक फोटोला सारखाच उजेड मिळतो.

खिडकीतला उजेड टाळावा. ९६ फोटो काढेपर्यंत ऊन सरकतं आणि आठ सेकंदांत दुपारची संध्याकाळ झालेली दिसते. पडदे लावून किंवा रात्री, एकाच दिव्यावर काम करावं. पंखा बंद. आणि कपडे काळपट घालावेत, कारण स्टीलच्या सांडशीत आणि पातेल्यात तुम्ही स्वतः दिसता. पांढरा सदरा घालून कधी इथे, कधी तिथे उभं राहिलात की पातेल्याच्या पोटावर पांढरा ठिपका नाचत राहतो. दर फोटोला एकाच जागी जाऊन उभं राहायचं, इतका सोपा उपाय आहे, पण तो पाळायला शिस्त लागते. दिव्यासमोर पातळ पांढरा कागद धरला तर स्टीलवरची चकाकी मऊ होते.

काहीतरी बिघडलंय हे वेळेवर कसं कळणार? स्टॉप-मोशनच्या बहुतेक ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट करून समोरच्या दृश्यावर ठेवायची सोय असते. तिचा उपयोग लोक फक्त वस्तू किती हलली ते पाहायला करतात. माझ्या मते तिचा खरा उपयोग वस्तू सोडून बाकी काय हललं ते पाहण्यात आहे. मागच्या भिंतीवरच्या टाइलची रेघ आणि दुसऱ्या कोपऱ्यातला पातेल्याचा काठ, अशा दोन खुणा धराव्यात. दोन्ही दुहेरी दिसू लागल्या तर कॅमेरा हलला. फक्त पातेलं दुहेरी दिसलं तर पातेल्याला धक्का लागला. कॅमेरा हलला असेल तर सांडशीला हात लावायचा नाही. आधी त्या दोन खुणा जुळेपर्यंत फोन परत आणायचा, मगच पुढे जायचं. सांडशी सरकवून भरपाई करू गेलात तर पार्श्वभूमी उडी मारते आणि पात्र विनाकारण मागे जातं.

फोन पार पडलाच आणि खुणा काही केल्या जुळेनात, तर तिथे फोटोंचं कोन बदलणं हा प्रामाणिक मार्ग आहे. तिसऱ्या पावलाच्या मध्यावर असं झालं असेल तर फोन जवळ नेऊन चौथं पाऊल फक्त पायांपुरतं दाखवावं. हालचाल चालू असताना कोन बदलला तर डोळा तो बदल सहज मान्य करतो. पाऊल पूर्ण झाल्यावर स्तब्धतेत बदलला तर तो खटकतो. म्हणून मागचा पाय निघालेला असताना कापावं, आपटल्यानंतर नव्हे.

दर पावलानंतर, म्हणजे १२ फोटोंनंतर, एकदा चालवून पाहावं. प्रत्येक फोटोनंतर पाहू नये, त्यात लय तुटते. चाळीस-पन्नास फोटो झाल्यावर पहिल्यांदा पाहणं महागात पडतं. पाहताना डोळे एकदा फक्त टेकलेल्या पायावर ठेवावेत, एकदा फक्त तोंडावर आणि एकदा पार्श्वभूमीवर. एखाद्या फोटोत पाय चुकून मिलिमीटरभर मागे गेला असेल तर तिथे सांडशी थरथरते. तो एक फोटो काढून टाकला तरी बहुतेक वेळा भागतं, कारण पुढची उडी थोडी मोठी झाली तरी दिशा तीच राहते. मोठी उडी डोळा पचवतो, उलटी चाल पचवत नाही.

शेवटच्या दचकण्याची आखणी पावलापेक्षा उलट करावी लागते. त्याला सहा फोटो आहेत. पहिल्या दोन फोटोंत पाय आणखी जवळ घ्यायचे, तोंड घट्ट मिटेपर्यंत. म्हणजे उरलेल्या चारांत तोंड वासेल तेव्हा बदल मोठा वाटेल. मग पायांमधलं अंतर एकदम: तिसऱ्या फोटोला ७ सेंटिमीटर, चौथ्याला १२, पाचव्याला १४. आणि सहाव्याला परत १३. तो शेवटचा एक सेंटिमीटरचा परतावा सोडू नये. तो नसला तर सांडशी यंत्र थांबल्यासारखी थांबते, तो असला की तिला धक्का बसलेला दिसतो. इतके पाय फाकल्यावर क्ले दोन्हीकडून ताणली जाते आणि पाय सरकू पाहतात, म्हणून या सहा फोटोंसाठी प्रत्येक पायाच्या बाहेरच्या बाजूला क्लेची जरा मोठी गोळी दाबून लावावी आणि कॅमेऱ्याच्या बाजूने ती पायामागे लपते ना ते पाहावं.

आवाज सगळ्यात शेवटी. रिव्हेटची कुरकुर आणि दांडी ओट्यावर आपटल्याचा टक् हा आवाज त्याच सांडशीचा, त्याच ओट्यावर, रात्री फ्रिजची घरघर थांबलेली असताना फोनवर घ्यावा. तो मागच्या पायाच्या चौथ्या फोटोवर, जिथे ३० मिलिमीटरची उडी संपते तिथे, बसवायचा. कानाला थोडा उशिरा वाटला तर एक फोटो अलीकडे सरकवून ऐकावा. पातेल्यापाशीच्या १२ फोटोंवर मात्र कसलाच आवाज टाकू नये. तिथे पार्श्वसंगीत घातलं की सांडशी आत काय पाहतेय हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहण्याआधीच विरून जातो.